‘आठवड्याभरात कळवतो’ म्हणाले आणि मध्येच नाताळ आला

प्रश्न: पुण्यातल्या एका जर्मन कंपनीच्या इंजिनिअरिंग सेंटरमध्ये डिझाइन इंजिनिअरच्या जागेसाठी माझी शेवटची मुलाखत 9 डिसेंबरला झाली. जर्मनीतले मॅनेजर व्हिडिओवर होते. मुलाखत छान झाली. एचआर मॅडम म्हणाल्या, ‘आठवड्याभरात कळवतो’. 15 आणि 17 तारखेला मेल टाकले, उत्तर नाही. आज शुक्रवार, 19 डिसेंबर 2025. दुसऱ्या एका कंपनीची ऑफर हातात आहे, त्यांना 31 तारखेपर्यंत उत्तर हवंय. माझी नोटीस 60 दिवसांची आहे. पुन्हा मेल टाकू का? जर्मन मॅनेजरना लिंक्डइनवर लिहू का? की नकार समजून सोडून देऊ?

उत्तर:

सोडून देऊ नका. आज दुपारी एकच्या आत एक मेल टाका, सोमवारी 22 तारखेला एक फोन करा आणि त्यानंतर 7 जानेवारीपर्यंत काहीही करू नका. लिंक्डइनवर सध्या लिहू नका. आता असं का, ते सांगते. मी सतरा वर्षं पुण्यात इंजिनिअरिंग कंपन्यांसाठी भरती करते आहे. त्यातली बरीच वर्षं जर्मन मालकीच्या कंपनीत गेली, त्यामुळे डिसेंबरमधली ही शांतता मी टेबलाच्या पलीकडून पुष्कळदा पाहिली आहे.

आधी तुमची फाइल या क्षणी कुठे असेल ते बघू. 9 तारखेला मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्या तिघांनी आपापलं मत सिस्टीममध्ये भरायला दोन-तीन दिवस लागतात. ते आलं की एचआर पगाराचा प्रस्ताव तयार करते: तुमचा सध्याचा पगार, टीममधल्या त्याच पातळीवरच्या लोकांचा पगार आणि आम्ही देऊ शकतो तो आकडा. इथल्या एचआर हेडची सही होते. नंतर तो प्रस्ताव जर्मनीतल्या विभागप्रमुखाकडे आणि फायनान्सच्या कंट्रोलरकडे जातो. सगळं वेळेत झालं असेल तर तो काल-परवा तिकडे पोचला असेल, म्हणजे नेमका माणसं सुट्टीवर निघायच्या वेळी.

जर्मनीत 25 आणि 26 डिसेंबर या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. 24 आणि 31 कायद्याने सुट्ट्या नसल्या तरी त्या दिवशी ऑफिसात सहसा कुणी नसतं. 1 जानेवारी सुट्टी. शिवाय बायर्न आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यांत, म्हणजे म्युनिक आणि स्टुटगार्टकडे, 6 जानेवारीलाही सुट्टी असते. यंदा 6 जानेवारी मंगळवारी आहे. मग सोमवारची 5 तारीख दोन सुट्ट्यांच्या मध्ये सापडते. अशा दिवसाला तिकडे ‘पुलाचा दिवस’ म्हणतात आणि बरेच लोक तोही रजेत घालतात. म्हणून 7 जानेवारी म्हणते आहे. तुमच्या कंपनीचं मुख्यालय उत्तरेकडे, हांबुर्गसारख्या ठिकाणी असेल तर 6 ची सुट्टी नसते आणि 5 तारखेपासून थोडी हालचाल दिसेल. मुख्यालय कोणत्या राज्यात आहे हे कंपनीच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत कळतं.

पुण्यातलं ऑफिस मात्र या काळात चालू असतं, फक्त 25 ला बंद. तेच फसवं ठरतं. तुम्हाला वाटतं, ऑफिस उघडं आहे, फोन वाजतो आहे, म्हणजे मुद्दाम टाळताहेत. खरं तर इथल्या एचआरकडे सांगण्यासारखं काही नसतं. मंजुरी आल्याशिवाय ‘तुमची निवड झाली’ असं म्हणायची तिला मुभा नाही आणि ‘नाही झाली’ हेही खरं नाही. शिवाय कॅलेंडर वर्षाच्या शेवटी बुडणाऱ्या रजा संपवायला तीही याच पंधरवड्यात निघते. गप्प राहणं चूकच आहे, मी तिची बाजू घेत नाही. पण त्या गप्प राहण्याचा अर्थ नकार असा लावू नका.

सुट्टी हा या उशिराचा सोपा भाग, कारण ती ठरल्या दिवशी संपते. खरा अडसर असतो वर्षअखेरीच्या हिशेबाचा. भारतीय कंपनी कायद्याप्रमाणे इथल्या कंपनीचं आर्थिक वर्ष साधारण 31 मार्चला संपतं, पण तुमच्या जागेचा पैसा मूळ कंपनीच्या बजेटवर चालतो आणि ते बहुतेक जर्मन कंपन्यांत जानेवारी ते डिसेंबर असतं. 2025 मध्ये मंजूर झालेली नवीन जागा 31 डिसेंबरपर्यंत भरली नाही, तर बऱ्याच कंपन्यांत ती मंजुरी आपोआप पुढच्या वर्षात जात नाही. ती 2026 च्या माणसांच्या यादीत पुन्हा घालावी लागते. आता तुमच्या 60 दिवसांच्या नोटिशीचा हिशेब करा. आज ऑफर आली असती तरी तुम्ही फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रुजू झाला असता. म्हणजे तुमच्या पगाराचा एक रुपयाही 2025 च्या खर्चात पडत नाही. कंट्रोलरच्या बाजूने पाहिलं तर डिसेंबरमध्ये सही करायची घाई त्याला कशासाठी असेल? तो म्हणतो, जानेवारीत नवीन यादी उघडली की त्यात बघू. मुलाखत चांगली झालेल्या उमेदवारांचं उत्तर डिसेंबरमध्ये अडकतं त्याचं मला सर्वांत जास्त वेळा दिसलेलं कारण हेच, आणि उमेदवाराला ते कधीच कुणी सांगत नाही.

जागा एखाद्या सोडून गेलेल्या माणसाच्या बदली असेल तर गोष्ट वेगळी. त्या खुर्चीचा पैसा आधीच चालू खर्चात असतो, तो सहसा नव्या वर्षातही राहतो. अशा फाइलला फक्त सही करणारा माणूस परत यायची वाट असते. म्हणून तुम्हाला आता मिळवायची सर्वांत मोलाची माहिती ‘माझी निवड झाली का’ ही नसून ‘ही जागा बदलीची आहे की नवीन’ ही आहे. मुलाखतीत कुणी ‘आधीचा माणूस गेला’, ‘टीम वाढवतोय’ असं काही बोललं होतं का ते आठवा. अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

आता आजचा मेल. तुमच्या पहिल्या दोन मेलमध्ये बहुधा ‘काही अपडेट आहे का’ एवढंच होतं. त्याला द्यायला तिच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिने मेल बाजूला ठेवला. तिसरा मेल तसाच गेला तर त्याचंही तेच होईल. पाठपुराव्याच्या प्रत्येक मेलमध्ये एक नवी गोष्ट हवी आणि एचआरला मंजुरीशिवायही उत्तर देता येईल असा प्रश्न हवा. तुमच्याकडे नवी गोष्ट आहे: 31 तारखेची मुदत. मेल इंग्रजीतच लिहाल, पण मजकूर साधारण असा असू द्या:

‘9 डिसेंबरच्या मुलाखतीसंदर्भात लिहिते आहे. या जागेत मला खरोखर रस आहे. मला दुसऱ्या एका कंपनीची लेखी ऑफर मिळाली आहे आणि त्यांना 31 डिसेंबरपर्यंत उत्तर द्यायचं आहे. वर्षअखेरीमुळे मंजुरीला वेळ लागू शकतो याची मला कल्पना आहे. दोन गोष्टी कळल्या तर मला नीट ठरवता येईल: ही जागा बदलीची आहे की नवीन, आणि उत्तराची अपेक्षा जानेवारीच्या कोणत्या आठवड्यात ठेवू? माझा नोटीस कालावधी 60 दिवस आहे. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मी एकदा फोन करेन.’

आधीच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा, नवीन मेल सुरू करू नका. सगळा इतिहास एका जागी दिसला की तिला तो तसाच पुढे जर्मनीला पाठवता येतो. दुपारी एकच्या आत का, तर हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. आपल्या एक वाजता तिकडे सकाळचे साडेआठ. तिने लगेच मॅनेजरला विचारलं तर त्याच्या कामाचा अख्खा दिवस शिल्लक असतो. संध्याकाळी पाठवलेला मेल ती सोमवारी वाचेल आणि सोमवारी तो मॅनेजर सुट्टीवर असू शकतो.

दुसऱ्या कंपनीचं नाव किंवा आकडा लिहू नका. आणि ऑफर असेल तरच लिहा. नसलेली ऑफर दाखवून घाई करणारे उमेदवार मी पाहिले आहेत. मुदत उलटून गेल्यावरही ते पुन्हा ‘काही अपडेट?’ विचारतात, तेव्हा काय ते आम्हाला कळतं.

सोमवारच्या फोनवर, किंवा त्याआधी मेलवर, जे उत्तर येईल त्यातले शब्द नीट ऐका. ‘फीडबॅक चांगला आहे, अप्रूव्हल बाकी आहे’ हे वाक्य एचआर सहज वापरत नाही. ते आलं तर तुमचं नाव पुढे गेलेलं आहे. ‘प्रोसेसमध्ये आहे’ याचा काहीच अर्थ नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. ‘पोझिशन होल्डवर आहे’ म्हटलं तर तुमच्याबद्दलचं मत कितीही चांगलं असलं तरी जागेचाच पैसा थांबला आहे, आणि तिथे पाठपुराव्याने काही हलत नाही. शब्दांपेक्षा पक्की खूण कागदपत्रांची. मुलाखतीनंतर त्यांनी तुमच्याकडे मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 किंवा सध्याच्या सीटीसीची फोड मागितली का? मागितली असेल तर पगाराचा प्रस्ताव कुणीतरी तयार करतं आहे. शेवटच्या फेरीनंतर दहा दिवसांतही मागितली नसेल, तर प्रस्ताव अजून सुरू झालेला नाही किंवा तुमच्या आधी दुसऱ्या कुणाचा सुरू आहे. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण 31 तारखेचा निर्णय घेताना तुम्हाला हेच माहीत असायला हवं.

फोन उचलला नाही तर पुन्हा करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ चालेल, तीही तिने आधी व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्याशी बोलणं केलं असेल तरच.

लिंक्डइनबद्दल. तुम्ही जर्मन मॅनेजरना आज लिहिलंत तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. आमच्याकडच्या लोकांचा सुट्टीतला ठरलेला आपोआप जाणारा निरोप असायचा: ‘मी 6 जानेवारीपर्यंत ऑफिसमध्ये नाही. तुमचा मेल कुणाकडेही पाठवला जाणार नाही.’ त्यातलं दुसरं वाक्य ते अगदी मनापासून लिहितात. सुट्टीत काम बघणं हे तिथे निष्ठेचं लक्षण मानत नाहीत. तो मॅनेजर लिंक्डइनवर तुमचा निरोप पाहील आणि फार तर पुण्याच्या एचआरला विचारेल की ही थेट माझ्याकडे का आली. त्याला तुम्ही आवडला असाल तरी सही त्याची एकट्याची नाही. त्याला लिहायची वेळ जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येऊ शकते, तेही पुण्याहून दोनदा उत्तर आलं नाही तर. आणि हो, तो आपोआप येणारा निरोप कधी तुम्हाला मिळाला तर पूर्ण वाचा. परत यायची तारीख त्यात असतेच, कधी कधी त्याच्या जागी कोण सही करतं त्याचं नावही असतं.

आता दुसऱ्या कंपनीकडे वळा. त्यांच्याकडे 12 जानेवारीपर्यंत, म्हणजे सुट्ट्यांनंतरच्या पहिल्या पूर्ण आठवड्याच्या सोमवारपर्यंत मुदत मागा. कारण खरं सांगा, फक्त पूर्ण तपशील नको: ‘एक प्रक्रिया शेवटच्या टप्प्यावर आहे, वर्षअखेरीमुळे तिचं उत्तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येणार आहे, घाईत हो म्हणून नंतर शब्द मोडायची वेळ मला येऊ द्यायची नाही.’ तुमची नोटीस 60 दिवसांची असल्याने त्यांच्या बाजूने फरक मार्चची सुरुवात की मार्चचा मध्य एवढाच पडतो, हेही त्यांना सांगा. मी स्वतः अशी मुदत बऱ्याचदा दिली आहे. ज्याने 20 डिसेंबरला मागितली त्याला दिली. 31 ला संध्याकाळी मागणाऱ्याला देताना माझाही हात आखडला, कारण तोवर मी वरिष्ठांना ‘उद्या हो येतंय’ असं सांगून बसलेली असे.

त्यांनी मुदत नाकारली तर? मग 31 ला तुमच्यासमोर एक लेखी ऑफर आणि एक आशा असेल. काम आणि पगार तुम्हाला पटण्यासारखा असेल आणि जर्मन कंपनीकडून पगाराच्या स्लिपाही मागितल्या गेल्या नसतील, तर लेखी ऑफर घ्या. ‘अप्रूव्हल बाकी’ असं स्पष्ट उत्तर आलं असेल आणि जागा बदलीची असेल, तर थांबण्यात अर्थ आहे, पण तुमची सध्याची नोकरी सुरक्षित असेल तरच. इथे एक प्रसंग सांगते, कारण तो अजून मला टोचतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे एका मुलाला मॅनेजरने डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फोनवर सांगितलं, ‘तू आमचाच आहेस, पत्र जानेवारीत येईल’. त्या मॅनेजरच्या मनात खोट नव्हती. मुलाने नोटीस लवकर संपावी म्हणून 22 डिसेंबरला राजीनामा दिला. जानेवारीत नवीन बजेट आलं, त्यात आमच्या विभागाच्या दोन जागा कापल्या गेल्या, त्यातली एक त्याची. ते त्याला मी फोन करून सांगितलं. त्याने रागावून काही म्हटलं नाही, फक्त विचारलं, ‘मॅडम, मग आता राजीनामा मागे घेता येईल का?’ त्याच्या जुन्या कंपनीने तो घेतला नाही. म्हणून प्रत्येकाला सांगते: सही आणि पगाराचा आकडा असलेलं ऑफर लेटर ईमेलमध्ये उघडून वाचल्याशिवाय राजीनाम्याचं पत्र लिहायलाही घेऊ नका.

24 डिसेंबर ते 6 जानेवारी मेल नको, याचं आणखी एक कारण आहे. सुट्टीहून आलेला माणूस दोन आठवड्यांचे शेकडो मेल वरून खाली बघत जातो, वरचे वाचतो आणि खालचे चाळून सोडून देतो. 27 डिसेंबरचा तुमचा मेल तळाशी असतो. 7 जानेवारीला, बुधवारी, पुण्याच्या एचआरला चार ओळी लिहा: नवीन वर्षाच्या शुभेच्छा, दुसऱ्या ऑफरचं काय ठरलं किंवा तिची नवी मुदत काय, आणि ‘या आठवड्यात मंजुरी कुठवर आली ते कळेल का’. मग सोमवारी 12 ला फोन. बदलीच्या जागेची फाइल हलायची असेल तर या दोन तारखांच्या मध्ये हलते. नवीन जागेला आणखी आठ-पंधरा दिवस लागतात, कारण विभागांची यादी वरून पक्की होऊन यावी लागते. त्यामुळे 16 ते 23 जानेवारीच्या आसपास पत्र येणं अगदी स्वाभाविक आहे.

याच दिवसांत एक गोष्ट पाहून घाबरू नका. कंपनीच्या करिअर पानावरून तुमची जागा 31 डिसेंबरला गायब होते आणि जानेवारीत तीच जागा नव्या क्रमांकाने पुन्हा दिसते. उमेदवारांना वाटतं, मला नाकारून पुन्हा जाहिरात दिली. पुष्कळदा ते फक्त जुन्या वर्षाची मंजुरी बंद करून नव्या वर्षाची उघडणं असतं. अशा वेळी एचआरला विचारा की नव्या क्रमांकावर पुन्हा अर्ज भरायचा का. काही सिस्टीममध्ये जुना अर्ज आपोआप नव्या जागेला जोडला जात नाही आणि ते जोडायचं राहिल्यामुळे चांगला उमेदवार यादीतून निसटल्याचं मी पाहिलं आहे. नवी जाहिरात दिसली तर 7 तारखेच्या मेलमध्येच हा प्रश्न घाला.

30 जानेवारीपर्यंत एवढं करूनही तारीख मिळाली नाही तर ही जागा मनातून बाजूला ठेवा. नकाराचा मेल येईलच असं नाही.

तुमच्यासारखा प्रश्न दिवाळीत आणि मार्चमध्येही येतो, पण दोन्हींचं दुखणं वेगळं आहे. दिवाळीत माणसं गावाला गेलेली असतात, पैसा जागच्या जागी असतो. म्हणून भाऊबीजेनंतरच्या सोमवारी-मंगळवारी मेल टाकला की आठवड्यात उत्तर येतं. भारतीय कंपनीत मार्चमध्ये मुलाखत झाली असेल तर धीर जास्त लागतो. तिथे नवीन वर्षाच्या जागांबरोबर टीममधल्या जुन्या लोकांची पगारवाढही ठरायची असते, आणि ती ठरेपर्यंत नव्या माणसाला काय आकडा द्यायचा हे एचआरलाही सांगता येत नाही. तिथे एप्रिलच्या मध्यापर्यंत मी पाठपुरावा करायला सांगतच नाही.

शेवटचं एक काम आजच करून ठेवा, त्याला कुणाच्या उत्तराची गरज नाही. तुमच्या सध्याच्या कंपनीचं नियुक्तिपत्र काढा आणि दोन गोष्टी बघा: नोटीस 60 दिवस कॅलेंडरचे की कामाचे, आणि मार्चमध्ये मिळणाऱ्या वार्षिक बोनससाठी कोणत्या तारखेपर्यंत पटावर असणं गरजेचं आहे. 16 जानेवारीला राजीनामा दिलात तर 60 कॅलेंडर दिवस 17 मार्चला भरतात. बोनसची अट 31 मार्चची असेल तर रुजू होण्याची तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मागायची की बोनसवर पाणी सोडून त्या रकमेचा जॉइनिंग बोनस मागायचा, हे पगाराचं बोलणं सुरू होण्याआधी तुमच्या मनात ठरलेलं हवं. ऑफर लेटर निघाल्यावर हा विषय काढला तर तीच फाइल पुन्हा कंट्रोलरकडे जाते.